३ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म, दोघंच जण: वेळापत्रक आणि बजेट कसं मांडायचं? (मदत हवी आहे)

रेघोट्या
मी आणि मैत्रीण मिळून ३ मिनिटांची फिल्म करतोय. अनुदानाच्या अर्जाला वेळापत्रक आणि बजेट जोडायचंय, रविवारी शेवटची तारीख. एका सेकंदाला दोन तास लागतात, म्हणजे १८० सेकंदांचे ३६० तास. दोघांत वाटले की प्रत्येकी १८०. सहा महिने हातात आहेत, तेव्हा आरामात व्हायला हवं. पण शीटमध्ये मांडायला बसलं की दर वेळी वेगळाच आकडा येतो. कुणाकडे तयार टेम्प्लेट असेल तर प्लीज द्या. तात्त्विक चर्चा नको, घाई आहे.

कुंचला
टेम्प्लेट देऊन उपयोग नाही, त्यात भरायचंच काही दिलेलं नाहीत. टूडी की थ्रीडी? संवाद आहेत का? आठवड्याला किती तास बसता? आणि "सेकंदाला दोन तास" नक्की कशाचे, नुसत्या रफचे की रंगासकट?

घनचौकोन
सगळ्यात आधी रेंडरचा हिशेब करा, लोक नेमका तोच विसरतात. ३ मिनिटं म्हणजे २४च्या वेगाने ४३२० फ्रेम्स. एका फ्रेमला ५ मिनिटं धरली तरी २१,६०० मिनिटं, म्हणजे एक मशीन न थांबता १५ दिवस. त्यात एका शॉटचा प्रकाश चुकला की तो शॉट पुन्हा. शेवटचा महिना रेंडरलाच ठेवा.

रेघोट्या
@घनचौकोन, टूडी आहे हो. हाताने काढलेलं, टॅब्लेटवर. रेंडरला फार तर एक दुपार.
@कुंचला, संवाद नाहीत. दोघांच्या नोकऱ्या आहेत, प्रत्येकी आठवड्याला १८ तास मिळतात. अर्धा तास इकडेतिकडे. कच्चं ॲनिमॅटिक झालंय, ३८ शॉट. ॲनिमेशन मी करतो. बॅकग्राउंड, क्लीनअप, रंग आणि कॉम्पोझिटिंग ती. दोन तास हा आकडा टेस्ट शॉटवरून काढला: ४ सेकंद, पात्र बाकावर बसलेलं, मान वळवून मागे बघतं. ८ तास लागले.

कुंचला
८ तास रफचे ना?

रेघोट्या
हो, रफचे. क्लीनअप तिच्याकडे आहे म्हटलं ना.

शाईदौत
इथेच घोळ आहे. तुम्ही एका माणसाच्या एका कामाचा वेग घेतलात, त्याने पूर्ण फिल्म मोजलीत आणि मग भागिले दोन केलंत. दोघांची कामं वेगळी आहेत, त्यामुळे बेरीज करून अर्धं करता येत नाही. ज्याच्या वाट्याला जास्त तास येतात, त्याच्या तारखेला फिल्म संपते.

दुसरं म्हणजे सगळे सेकंद सारखे नसतात. ३८ शॉटांना अ, ब, क अशी प्रतवारी द्या. अ म्हणजे पूर्ण शरीराची हालचाल: चालणं, धावणं, दोन पात्रांची झटापट. ब म्हणजे बसलेलं किंवा उभं पात्र, हात-मान-चेहरा. क म्हणजे स्थिर पोझ, फक्त पापणी, किंवा नुसता कॅमेरा. तुमचा टेस्ट शॉट ब मधला आहे. अ मध्ये आणि क मध्ये किती सेकंद येतात ते ॲनिमॅटिकवरून सांगा, मग पुढचं मांडू.

पाटीवरची
एवढा खटाटोप कशाला? सगळं थ्रीजवर करा. टूजवर सेकंदाला १२ चित्रं लागतात, थ्रीजवर ८. एक तृतीयांश काम तिथल्या तिथे कमी.

शाईदौत
चित्रं एक तृतीयांश कमी होतात हे बरोबर, तास तेवढे होत नाहीत. मुख्य पोझेस तेवढ्याच राहतात आणि जास्त वेळ त्यांनाच लागतो. कमी होतात ती मधली चित्रं, जी तुलनेने भराभर निघतात. शिवाय पात्र चालताना कॅमेरा पॅन होत असेल तर बॅकग्राउंड दर फ्रेमला सरकते आणि पाय तीन फ्रेम जागचे हलत नाहीत. पाय जमिनीवर घसरतात आणि कडा थरथरताना दिसतात. हा त्रास टूजवरही असतो, थ्रीजवर लपतच नाही. संथ अभिनयाचे शॉट थ्रीजवर जरूर करा, चालण्याचे नको.

पाटीवरची
शैली म्हणून सबंध फिल्म थ्रीजवर केलेली छान दिसू शकते. सगळ्यांना मलईदार हालचाल हवीच असते असं नाही.

रेघोट्या
शैलीचा वाद नंतर घाला ना. मोजलं: अ ४५ सेकंद, ब ७५, क ६०. बॅकग्राउंड वेगळ्या २२ लागतील, बाकी शॉटांत त्याच पुन्हा वापरतोय. टेस्टमध्ये एका बॅकग्राउंडला तिला ५ तास लागले.

शाईदौत
छान, आता मांडता येईल. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. पहिले ६ डिझाइन, मॉडेल शीट, रंगयोजना आणि ॲनिमॅटिक पक्कं करणं यात जातील. शेवटचे ३ ध्वनी, मिक्स आणि फाइली बनवण्यात. मधे उरले १७ आठवडे, १८च्या हिशेबाने प्रत्येकी ३०६ तास.

तुमचं रफ: ब साठी सेकंदाला २ तास मोजलेलेच आहेत. अ साठी ३ आणि क साठी अर्धा तास सध्या अंदाजाने धरा. १३५ + १५० + ३० = ३१५ तास. पहिल्या फटक्यात सगळे शॉट चालत नाहीत, रीटेकचे १५ टक्के धरा. झाले ३६२.

मैत्रिणीचं: क्लीनअप आणि रंगाला मिळून रफइतकाच वेळ धरू, ३१५. बॅकग्राउंड २२ गुणिले ५ म्हणजे ११०. कॉम्पोझिटिंग शॉटमागे दीड तास, ५७. एकूण ४८२.

हातात ३०६. तुम्ही ५६ तासांनी मागे, ती १७६ तासांनी. "आरामात" म्हणालात तेव्हा तिचं काम हिशेबात नव्हतंच.

शीटमध्ये एका ओळीत एक शॉट. C मध्ये सेकंद, D मध्ये प्रत, E मध्ये सेकंदामागे रफचे तास. ओळी २ ते ३९ असतील तर:

```
=SUMPRODUCT(C2:C39,E2:E39)*1.15
```

क्लीनअपसाठी असाच वेगळा स्तंभ. प्रत बदलली की E आपोआप बदलेल अशी सोय करा, म्हणजे शॉट अ चा ब केला तर किती तास वाचले ते लगेच दिसतं.

रेघोट्या
बापरे. मग काय, तारीख पुढे ढकलायची?

शाईदौत
तोही मार्ग आहे. एकूण ८४४ तास, दोघांचे मिळून आठवड्याला ३६, म्हणजे १७ऐवजी साडेतेवीस आठवडे. पण एक अट: तिचं ६० तासांचं क्लीनअप तुम्ही उचललंत तरच. नाहीतर तिचे एकटीचेच २७ आठवडे होतात आणि तुम्ही शेवटचा दीड महिना हातावर हात ठेवून बसाल. अर्ज सात-आठ महिन्यांचा करता येतो का बघा.

तारीख हलत नसेल तर ॲनिमॅटिकमध्ये काटछाट. अ मधले २५ सेकंद ब करा: चालणं कमरेच्या वर पकडा, पाय फ्रेमबाहेर. ब मधले ३५ सेकंद क करा: प्रतिक्रिया पाठमोरी दाखवा. मग अ २०, ब ६५, क ९५. एवढं करूनही ६० ते ७० तास जास्तच राहतात, त्यासाठी ब मधले १६ सेकंद कापावे लागतील. फिल्म २ मिनिटं ४४ सेकंदांची होते. आणि तिचा वाटा तेव्हाही तुमच्यापेक्षा बराच जास्त राहतो, म्हणून क्लीनअप वाटून घ्यायला इथेही सुटका नाही.

कुंचला
गणित बरोबर, पण यात आजारपण, नोकरीतली घाई, कशालाच जागा नाही. सगळे तास शंभर टक्के वापरलेत. मी हे वेळापत्रक कुणाला देणार नाही. दर पाच आठवड्यांमागे एक आठवडा मुद्दाम कोरा ठेवा.

शाईदौत
कोरा आठवडा मधे ठेवला की तो नक्की खर्च होतो. मी सगळी ढील शेवटी एकत्र ठेवीन.

कुंचला
शेवटी ठेवली की उशीर झालाय हे कळतंच शेवटी. आपलं जमायचं नाही.

लाल फीत
अर्जात वेळापत्रकासोबत दोघांचा लेखी करार जोडा. हक्क कुणाचे, श्रेयनामावलीत नावं कशी, मधेच एकाने सोडलं तर काय. पुढे भांडणं होतात.

रेघोट्या
करार झालाय, ते विचारलं नव्हतं. बजेटचं कुणी बोलतच नाहीये.

कुंचला
बजेटला दोन स्तंभ करा: रोख आणि श्रम. स्वतःचे तास शून्याला लावू नका. एक दर ठरवा, वरच्या तासांना गुणा आणि "स्वतःचे योगदान" म्हणून दाखवा. वेळापत्रकातले तास आणि बजेटमधले तास जुळायलाच हवेत, तपासणारा पहिलं तेच बघतो. तुमच्या ८४४मध्ये पहिले ६ आणि शेवटचे ३ आठवडे धरलेले नाहीत. दोघांचे मिळून ते ३२४ तास, तेही मिळवा.

रोखीत ध्वनी आणि मिक्स सगळ्यात मोठं. त्यानंतर संगीत. मग सॉफ्टवेअरचं भाडं गुणिले महिने (काम लांबलं की हेही वाढतं), दोन हार्ड डिस्क, महोत्सवांची प्रवेश फी, थिएटरसाठी डीसीपी. सगळ्याच्या बेरजेवर १० टक्के आकस्मिक. संगीताचा परवाना नीट वाचा. फक्त महोत्सवापुरता घेतला तर स्वस्त पडतो, पण नंतर फिल्म नेटवर टाकायची म्हटली की पुन्हा पैसे. दोन्हीचं आत्ताच विचारून ठेवा.

घनचौकोन
सॉफ्टवेअरचं भाडं कशाला? क्रिटा, ओपनटून्झ, ब्लेंडर, तिन्ही फुकट.

पाटीवरची
ओपनटून्झची सवय होईपर्यंत सहा महिने संपतील.

घनचौकोन
सवय नसलेल्याने कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी तेच.

शाईदौत
जे रोज वापरता तेच ठेवा, फिल्म चालू असताना बदलू नका.

काम सुरू झाल्यावर "३८ पैकी ३० शॉट झाले" असं मोजू नका. सोपे शॉट आधी संपतात आणि उरलेल्या आठात अर्धे तास अडकलेले असतात. दर रविवारी उरलेले तास लिहा. पहिल्या तीन आठवड्यांत एक तरी अ शॉट रंगासकट पूर्ण करा, माझा ३ तासांचा अंदाज तिथेच खरा-खोटा ठरेल. फिल्मचा पहिला आणि शेवटचा शॉट मात्र मधल्या काळात करा. सुरुवातीला हात बसलेला नसतो, शेवटी घाई असते, आणि प्रेक्षकाच्या लक्षात नेमके हेच दोन राहतात.

रेघोट्या
तिला आकडे दाखवले. ती म्हणते धावण्याचा शॉट कापायचा नाही, त्यासाठीच फिल्म आहे. ९ सेकंद, कॅमेऱ्यासकट. मग तो अ ठेवून बाकीचे उतरवतो. आणि अर्ज आठ महिन्यांचा चालतो का ते उद्या फोन करून विचारतो. एकच शेवटचं: क्लीनअप मी उचललं तर दोघांची रेघ वेगळी दिसणार नाही का?

शाईदौत
दिसेल. शॉट वाटा, चित्रं वाटू नका. एका शॉटचं क्लीनअप एकाच हाताने. ब्रश आणि जाडी दोघांची एकच फाइल. तुम्ही लांबचे शॉट घ्या, चेहऱ्याचे क्लोजअप तिच्याकडे राहू द्या.

लाल फीत
क्लीनअपची वाटणी बदलली तर करारातही बदला.