मदत हवी आहे: जुना व्हीजीए प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप आणि पुसट अक्षरं

खडू_फळा: शाळेला कुणीतरी जुना प्रोजेक्टर दिलाय. मागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट आणि माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. म्हणून अडीचशे रुपयांचा अडॅप्टर आणला. चित्र लगेच आलं, पण एक्सेलमधला ३ की ८ ते कळत नाही, वर्तुळ उभ्या अंड्यासारखं दिसतं आणि सगळा पडदा पिवळट. फोकस फिरवून थकलो. महागातला अडॅप्टर घेऊ का?

निवांत_नाना: व्हीजीए म्हणजे ६४० × ४८०. त्यातून याहून बरं काय येणार? सिग्नल अॅनालॉग असतो, थोडं पुसट होणारच.

तारयंत्र: नाना, अॅनालॉगचं बरोबर, पण ६४० × ४८० ही १९८७ सालची गोष्ट. त्याच सॉकेटमधून १९२० × १०८० सुद्धा जातं. इथे अडचण प्रोजेक्टरच्या आतल्या पॅनेलची असावी. गुरुजी, खालच्या लेबलवर एक्सजीए लिहिलंय का? असेल तर त्याच्याकडे आडवे १०२४ च ठिपके आहेत. लॅपटॉप १९२० पाठवतो, प्रोजेक्टर ते दाबून बसवतो. त्यात अक्षरांच्या बारीक रेघा जातात आणि वर्तुळाचं अंडं होतं.
Windows + P दाबून Extend निवडा. Duplicate नको, त्यात लॅपटॉपच्या पडद्याचा आकार आड येतो. मग Display settings मध्ये २ नंबरच्या पडद्यावर टिचकी मारून १०२४ × ७६८ ठेवा. शेवटी प्रोजेक्टरवरचं Auto बटण दाबा.
पिवळटपणा वेगळा. निळा रंग पोचत नाहीये. केबलची एखादी पिन वाकली असेल. मधल्या ओळीत एक पिन मुळातच नसते बऱ्याच केबलींना, तिला घाबरू नका.

गावची_वाट: माझ्याकडेही हाच अडॅप्टर आहे. जुन्या लॅपटॉपचं व्हीजीए नव्या टीव्हीला लावलं, काहीच दिसत नाही!

तारयंत्र: तुमचं उलटं आहे. आतली चिप एकाच दिशेने चालते. तुम्हाला व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा वेगळा लागेल.

खडू_फळा: एक्सजीएच निघाला. Extend केल्यावर अंडं गोल झालं, आकडे मागच्या बाकावरून वाचता येतात. वाकलेली पिन चिमट्याने सरळ केली, पिवळटपणा गेला. फक्त एक्सेलचे रकाने आता कमी मावतात. आणि प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे फिकट सावली दिसते, ती Auto ने जात नाही.

तारयंत्र: मावण्याला इलाज नाही, ठिपकेच तेवढे. केबल किती लांब?

खडू_फळा: पंधरा मीटर. छतावरून आणलीय.

तारयंत्र: मग बहुधा तीच. दीड मीटरची लावून बघा. तरीही सावली राहिली, तर अडॅप्टरवर संशय घेऊ.

निवांत_नाना: म्हणजे थोडं पुसट राहिलंच की!

खडू_फळा: छोटी केबल संगणक कक्षात आहे, पण किल्ली शिपाईमामांकडे. सोमवारी लावून सांगतो.