कार्डाबरोबरचा फुकट गेमकोड: आधी तारीख, मग देश

«भावोजींनी दुबईहून ग्राफिक्स कार्ड आणलंय, दुकानाच्या मेलमध्ये गेमचा कोड आहे. मडगावात बसून तो चालेल का? चतुर्थीनंतर पीसी जोडणार आहे.»

चतुर्थीपर्यंत थांबण्याआधी मेलमधली तारीख बघा. ऑफरला दोन तारखा असतात: कार्ड कधीपर्यंत विकत घ्यायचं आणि कोड कधीपर्यंत वापरायचा. दुसरी उलटली की बिल दाखवूनही सहसा उपयोग होत नाही.

आणि तो कोड म्हणजे गेमची किल्ली नव्हे, कूपन आहे. एनव्हिडियाचं असेल तर त्यांच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करून टाकायचं, एएमडीचं असेल तर त्यांच्या रिवॉर्ड्सच्या साइटवर. दोन्हीकडे कार्ड खरोखर पीसीत बसवलंय का हे तपासतात. मी इथेच फसलो. म्हापशाला पॉवर सप्लाय यायला उशीर झाला, कार्ड खोक्यातच आणि तारीख गेली. मित्राच्या पीसीत तासभर बसवलं असतं तर काम झालं असतं, पण सुचलं नाही!

देशाचं म्हणाल तर ऑफरच्या अटींत देशांची यादी असते, ती वाचा. कूपन मान्य झालं तरी पुढे मिळालेली किल्ली दुसऱ्या प्रदेशापुरती असू शकते. मग स्टीम ती भारतातल्या खात्यावर घेत नाही. व्हीपीएन लावून देश लपवू नका, स्टीमच्या करारात ते मना आहे, खातं अडकेल. त्यापेक्षा भावोजींकडून बिल मागवून ठेवा आणि कोड चालला नाही तर मुदतीतच कंपनीच्या सपोर्टला लिहा. एकदा गेम लायब्ररीत आला की कूपनच्या तारखेशी संबंध उरत नाही.