मदत हवी आहे: प्रेशर सपोर्टवर इंडेक्स 77, तरीही टी-पीसवर रुग्ण दमला

नवा_एमओ
नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका आयसीयूत नुकताच मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झालो आहे. न्यूमोनियाच्या 63 वर्षांच्या एक बाई व्हेंटिलेटरवर आहेत. उच्च रक्तदाबाचा जुना त्रास, उंची 155 सेंमी, वजन 78 किलो. सुरुवातीला व्हॉल्यूम कंट्रोल मोड होता. श्वासाची मात्रा प्रत्यक्ष वजनावरून न ठरवता उंचीवरून निघणाऱ्या 48 किलोंवरून ठरवून 290 मिली ठेवली होती. आता ताप उतरला आहे, नॉरअॅड बंद आहे, ऑक्सिजन 40 टक्के आणि पीप 5 वर पीएओटू 84 आहे, आणि बाई शुद्धीवर असून सांगितलेले ऐकतात.

काल प्रेशर सपोर्ट 8 वर श्वासाची गती 24 आणि मात्रा 310 मिली होती, म्हणजे 24 भागिले 0.31, इंडेक्स 77. पुस्तकातल्या 105 च्या मर्यादेत तो बसत असल्याने टी-पीस लावला. विसाव्या मिनिटाला गती 34, नाडी 126, रक्तदाब 138 वरून 182 आणि दरदरून घाम, म्हणून पुन्हा व्हेंटिलेटरवर घेतले. इंडेक्सवर विश्वास ठेवायचा की नाही?

सह्याद्री७१
सिमव्ही लावा आणि मशीनचे श्वास रोज दोन-दोनने कमी करत न्या, म्हणजे फुप्फुसांना सवय होते. आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच करतात.

अतिदक्षता_जुना
श्वासाचे स्नायू हळूहळू कामाला लागले पाहिजेत, हा सह्याद्री७१ यांचा विचार बरोबर आहे, पण सिमव्ही हा त्याचा मार्ग नव्हे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश चाचणीत, दिवसातून एकदा रुग्णाला स्वतः श्वास घ्यायला लावून पाहणे हे सिमव्हीच्या पद्धतीपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने नळी काढण्यापर्यंत पोहोचले.

मूळ प्रश्नाबद्दल. 105 हा आकडा यांग आणि टोबिन यांच्या 1991 च्या अभ्यासातला आहे, आणि तो मशीनचा आधार पूर्णपणे काढून मोजलेला होता. आपण तो प्रेशर सपोर्ट 8 वर मोजलात. तिथे प्रत्येक श्वासाचे काही काम मशीन करत होते, त्यामुळे मात्रा वाढते, गती उतरते आणि भागाकार आपोआप छान दिसतो. शिवाय हा इंडेक्स नापास होणारे चांगले ओळखतो, पास होणाऱ्यांची हमी देत नाही.

मला आपल्या वर्णनात 182 हा रक्तदाब जास्त खटकतो. घाबरल्यानेही तो चढतो, हे खरे. पण मशीनचा दाब गेला की छातीकडे परतणारे रक्त वाढते, डाव्या हृदयावरचा भारही वाढतो आणि टी-पीसवर पीपचाही आधार उरत नाही. उच्च रक्तदाबाने जाड आणि ताठर झालेले हृदय इथेच उघडे पडते. चाचणी थांबवण्याआधीचा एबीजी आहे का? आणि दाखल झाल्यापासून इनटेक-आउटपुटची बेरीज किती?

नंदिनी_पुणे
माझ्या वडिलांना रात्री बायपॅप लावतात. त्यांचाही इंडेक्स काढावा का? मास्कमुळे नाकावर वळ उठतो.

अतिदक्षता_जुना
नंदिनीताई, इथला प्रश्न घशात नळी असलेल्या रुग्णाचा आहे, तो इंडेक्स आपल्या वडिलांना लागू नाही. वळासाठी मास्कचे माप तपासून घ्या.

रातपाळी_सिस्टर
डॉक्टर, टी-पीस लावण्याआधी नळीतला फिल्टर बदलला होता का? कफाने ओला झालेला फिल्टर श्वासाला अडवतो आणि पेशंट उगाच दमल्यासारखा दिसतो. सक्शन किती वेळाने लागते, आणि सक्शन करताना खोकला जोरात येतो का, हेही लिहा. दर तासाला सक्शन लागत असेल, तर चाचणी पास होऊनही नळी परत घालावी लागते.

नवा_एमओ
सिस्टर, टी-पीसवर तो फिल्टर नव्हताच. सक्शन तीन-चार तासांनी लागते आणि खोकला जोरदार आहे. चाचणीच्या शेवटच्या एबीजीत कार्बन डायऑक्साइड 41 होता, म्हणजे वाढलेला नव्हता. बेरीज मात्र साडेचार लिटर अधिक निघाली. इको अजून झालेला नाही.

अतिदक्षता_जुना
स्नायू थकले असते तर बहुधा कार्बन डायऑक्साइड चढला असता. तो 41 राहिला आणि शरीरात इतके पाणी साठले आहे, म्हणून संशय हृदयावर अधिक जातो. आज पुन्हा चाचणी नको. त्यांना आरामदायी सपोर्टवर ठेवा, फ्युरोसेमाइड द्या, पोटॅशियम सांभाळा आणि रक्तदाबाच्या गोळ्या नळीतून पुन्हा सुरू करा. उद्याच्या चाचणीच्या आधी आणि शेवटी फुप्फुसांची सोनोग्राफी करा. शेवटी बी-लाइन्स वाढल्या, तर उत्तर मिळाले.

कोल्हापूरचा_भूलवाला
थोडा मतभेद नोंदवतो. मी टी-पीस वापरत नाही. 2019 च्या एका मोठ्या चाचणीत प्रेशर सपोर्ट 8 वर अर्धा तास पाहिलेल्या रुग्णांची नळी, दोन तास टी-पीसवर ठेवलेल्यांपेक्षा अधिक वेळा यशस्वीपणे निघाली.

अतिदक्षता_जुना
सरसकट रुग्णांसाठी मान्य आहे. पण ज्याच्या हृदयाबद्दल शंका आहे, त्याची नळी काढण्याआधी आधाराशिवाय काय होते ते मला पाहायचेच असते.

नवा_एमओ
आज बेरीज 1.8 लिटरने खाली आली आहे. सकाळच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना बी-लाइन्स होत्या, आता खालच्या भागातच थोड्या दिसतात. दुपारी टी-पीसवर अर्धा तास झाला. गती 26, मात्रा 330, म्हणजे इंडेक्स 79, रक्तदाब 150, घाम नाही, शेवटी बी-लाइन्स वाढल्या नाहीत. आता संध्याकाळ झाली आहे आणि रात्री भूलतज्ज्ञ घरून यायला अर्धा तास लागतो. नळी आत्ताच काढून लगेच बायपॅप लावावा, की पहाटेपर्यंत थांबावे?

कोल्हापूरचा_भूलवाला
मी आत्ता काढेन. चाचणी पास झाल्यावर नळी जितकी राहील तितका न्यूमोनियाचा धोका वाढतो.

रातपाळी_सिस्टर
रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, त्यावर आमचे उत्तर ठरते. आमच्याकडे चार असतात, म्हणून आम्ही सकाळची वाट पाहतो.