विषय: मावशी कायमची परत येलाली, येळवशीचं तिला कळू द्यायचं नाही

भाचा, औसा तालुका

मंडळी नमस्कार, मी गावाकडं परतलो तरी परदेशातल्या आपल्या मंडळाच्या लिस्टवर अजून आहे. माझी मावशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, तिकडंच हॉस्पिटलात नर्स होती, संक्रांतीला डबे भरून शेंगदाण्याच्या पोळ्या आणायची ती. रिटायर झाली आणि आता कायमची येलाली. ती या लिस्टवर नाही म्हणून इथं मोकळेपणानं लिहितोय, कृपा करून तिला फॉरवर्ड करू नका.

मोठ्या मामांचं म्हणणं मंगल कार्यालय घ्यावं, फेटे, हार, गावजेवण. मला ते पटंना, कारण एवढा प्रवास करून माणूस येणार, हैदराबादला उतरून पुन्हा जहीराबाद-बिदर करत गाडीत सहा-सात तास, आणि तिला गर्दीत हार घालून घेणं कधीच आवडलं नाही. परवा फोनवर ती सहज म्हणाली, "डिसेंबर संपला, म्हणजे येळवस याही वर्षी हुकली की रे." तेव्हाच डोक्यात आलं. यंदा ज्येष्ठ अधिक होता, सगळे सण पुढं सरकले आणि मार्गशीर्षातली अमावस्या जानेवारीत गेली, म्हणजे ती आल्यावर तिसऱ्याच दिवशी. तिच्या ते लक्षातच नाही. आम्ही पण काही बोललो नाही. तर स्वागत आजोळच्या शेतातच करायचं ठरवलंय, घरचे आणि तिच्या दोन शाळेच्या मैत्रिणी, तीसेक माणसं.

अडचण आंबिलीची. आजी गेल्यापासून ती शेजारून येते, पण या वेळी घरात व्हावी असं सगळ्यांनाच वाटतंय. कुणी नीट सांगेल का, आणि इतक्या वर्षांनी तिच्या पोटाला सोसंल का?

दादा, मूळ पैठणकडचे

अरे वा, फार छान वाटलं वाचून! येळवस म्हणजे आपली हुरडा पार्टीच ना, मग सोपं आहे, कणसं भाजा, दही, लसणाची चटणी, गूळ. आंबिलीचं म्हणशील तर ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी मीठ टाकलं की झालं. आमची आई उन्हाळ्यात करायची.

काकू, निलंग्याच्या, सध्या इथंच लेकीकडं

बाळा, आधी मामांना सांग, कार्यालय नको. शेतच बरं.

दादा, हुरडा वेगळा नि येळवस वेगळी. हुरडा कोवळ्या ज्वारीचा, तो कधी निघंल ते पेरणीवर. येळवस अमावस्येचीच, आणि त्यात कोपीतल्या पांडवांची पूजा. लातूर, धाराशिव आणि पलीकडं बिदरपर्यंत मानतात, तुमच्या बाजूला तेवढी नाही, त्यामुळं तुम्हाला माहीत नसणं साहजिक आहे. आणि पीठ कच्चं कालवू नका. कच्च्या पिठाची आंबील खाली बसते, वर पाणी राहतं, घशात पीठ लागतं, आणि परदेशातून आलेल्या पोटाला तर मुळीच देऊ नये.

तीस माणसाला एक किलो ज्वारीचं पीठ पुरतं. आदल्या दिवशी दुपारी पाच-सहा लिटर पाणी उकळायला ठेवायचं, पीठ आधी गार पाण्यात पातळ कालवून घ्यायचं आणि उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं, एकानं सोडायचं एकानं हलवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. पिठाचा कच्चा वास जाऊन त्याला चकाकी आली की उतरवा. मग पूर्ण गार होऊ द्या, इथं घाई नको, गरम असताना ताक घातलं तर ताक फाटतं. गार झाल्यावर तीनेक लिटर ताक, ठेचलेला लसूण, आलं, जिरं, मीठ. बिंदगीत ओता, पण गळ्यापर्यंत भरू नका, रात्रीतून फुगते. तोंडाला धुतलेलं फडकं बांधा.

सकाळी चव घ्या. आंबूस पण गोडसर लागली म्हणजे बरोबर. फेस जास्त, वास नाकात चढतोय, जीभ चिरल्यासारखी होतेय म्हणजे जास्त आंबली. तेव्हा वरचं पाणी काढून टाका, ताज्या शिजवलेल्या पिठाची गार पेज आणि गोड ताक घाला. म्हणून मूठभर पीठ मागं ठेवायचंच. मावशीला पहिल्या दिवशी अर्धा पेलाच द्या, आग्रह करू नका.

ताई, मंडळाच्या किचन कमिटीत

काकू थँक्यू, हे मी सेव्ह करून ठेवलं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, आम्हाला या वर्षी हॉलमध्ये येळवस करायचीय, पण कडबा कुठून आणायचा कळत नाही, कोपी पुठ्ठ्याची केली तर चालेल का? आणि भज्जीला तुरीचे दाणे फ्रोझन मिळतात, ते घ्यावेत का? आमच्या घरी भज्जीत चिंच घालतात, सासरी आंबट ताक घालतात, दर वर्षी वाद होतो.

मामा, लातूर शहर

भाच्या, मोठ्या भावाला मी समजावतो. पण तू एक विसरलास, हे लपवणार कसं? त्या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, शहर ओस पडतं, आदल्या संध्याकाळी बाजारात तुरीच्या शेंगा, हरभऱ्याच्या पेंढ्या, गाजरं, बोरं यांचे ढीग लागलेले असतात. आणि ओळखीचा भेटला की पहिलं वाक्य, "येळवशीला आमच्या शेतात या." तिला बाजारातून आणूच नका. आणि आंबील तुमच्या घरात करू नका बाबा, तो वास तिला माडीवर सुद्धा कळंल.

भाचा, औसा तालुका

मामा, हे खरंच महत्त्वाचं बोललात. आंबील शेजारच्या काकूंच्या घरात आमच्या हातानं केली, निलंग्याच्या काकूंनी सांगितली तशीच. आता झालेलं सगळं सांगतो.

मावशी दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगितलं की शेताच्या मोजणीच्या कागदावर सही पाहिजे, चल. गाडी पाणंदीला वळली आणि पुढं बाया-माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन चाललेली, ते बघून तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आज अमावस्या आहे का रे?" मी काहीच बोललो नाही. कोपी आम्ही पाच पेंढ्यांची केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, आणि वर शालीऐवजी आजीचं हिरवं इरकली लुगडं टाकलं होतं. मोठ्या मामीनं ट्रंकेत जपून ठेवलेलं, कुणालाही न सांगता आणलेलं, आम्हाला पण माहीत नव्हतं. मावशीनं ते काठाशी धरलं, रफू केलेली एक जागा होती तिथं बोट फिरवत बसली आणि म्हणाली हे मीच शिवलंय, दहावीला असताना. कुणी घाई केली नाही. मोठे मामा फेटा घेऊन आले होते, तो त्यांनी पिशवीतच ठेवला.

चर शिंपायला तिलाच पुढं केलं, ज्वारीच्या कडेनं आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत ती अख्खा बांध फिरली, मागं पोरं. बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर. आंबील अर्धाच पेला दिला, तिनं आणखी मागितली, मैत्रिणीनं दिली, काही त्रास झाला नाही.

संध्याकाळी दूध उतू घातलं, मामा म्हणतात पूर्वेला गेलं, मोठे मामा म्हणतात ईशान्येला, पुढच्या पावसाचं अजून ठरंना. हेंडगा पेटवून गव्हाभोवती धाकट्या पोरानं फिरवला.

ताई, तुमचं मावशीला विचारलं. फ्रोझन दाणे चालतात म्हणे, फक्त पीठ लावून उकळी आल्यावर शेवटी टाका, आधी टाकले तर पीठ होतात. चिंच की ताक यावर तिच्या दोन मैत्रिणींचंच एकमत झालं नाही. पुठ्ठ्याच्या कोपीबद्दल ती म्हणाली, मक्याची वाळकी ताटं तिकडं ऑक्टोबरात सजावटीला विकायला असतात, तेव्हाच घेऊन गॅरेजमध्ये कोरडी ठेवा.