सीडीएसचा प्रीमियम हाताने 180, एक्सेलमध्ये 189. मदत हवी आहे

संत्राबर्फी: उद्या 11 ला प्रोजेक्ट दाखवायचाय, कंपनीचं कर्ज बुडालं तर भरपाई देणाऱ्या सीडीएस करारावर. हॅझर्ड रेट 3 टक्के, रिकव्हरी 40, मुदत 5 वर्षं. हाताने 0.03 × 0.6, म्हणजे 180 बेसिस पॉइंट. एक्सेलमध्ये वर्षवार टेबल केलं तर 189. तीनदा तपासलं. काहून येते असं? लवकर सांगा, इकडे लाइटही जाऊन-येऊन आहे.

बर्डीवाला: भाऊ, होम लोनसोबत बँकेनं माझ्याही गळ्यात विमा मारला. प्रीमियम असाच फुगवलेला. तक्रार कुठं करायची?

मिहानवाली: व्याजदर? हप्ता वर्षातून कितीदा? डिफॉल्ट कधी धरला?

संत्राबर्फी: 7 टक्के, सतत चक्रवाढ. हप्ता वर्षाअखेर एकदा. डिफॉल्ट वर्षाच्या मधोमध.

जुना_ट्रेझरीवाला: कंपनी मधोमध बुडाली, तर त्या सहा महिन्यांचं संरक्षण फुकट दिलं का? संरक्षण घेणारा तेवढा अर्धा हप्ता देऊन मगच सुटतो. तू फक्त पूर्ण तरलेल्या वर्षांचे हप्ते धरलेस. तुझं टेबल मांडून पाहिलं. भरपाईची आजची किंमत 0.0708, वर्षाला 1 रुपया हप्त्याची 3.7412, भागाकार 189. भाजकात अर्ध्या हप्त्यांचे 0.0590 मिळव.

संत्राबर्फी: 186 आलं! पण 180 नाहीच.

जुना_ट्रेझरीवाला: येणारही नाही. 180 चं सूत्र हप्ता थेंबथेंब रोज येतो असं धरतं. तुझा पैसा सरासरी सहा महिने उशिरा येतो. त्याचं व्याज साडेतीन टक्के, 180 वर लाव, झाले 186. बाजारात हप्ता तिमाही असतो, 20 मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरला. तसं कर, 181.6 येईल.

हिशेबमास्तर: रिकव्हरीत डोकं घालू नका. काहीही धरा, उत्तर तेच येते.

मिहानवाली: मास्तर, हॅझर्ड बाजारातल्या 180 वरूनच काढला असेल तर कबूल. रिकव्हरी 25 धरली की हॅझर्ड 2.4 निघतो, गुणाकार परत 180. पण हॅझर्ड डिफॉल्टच्या जुन्या आकड्यांवरून आला असेल तर तो 3 वरच राहतो, आणि रिकव्हरी 25 केली की थेट 225. संत्राबर्फी, 3 टक्के आणला कुठून?

संत्राबर्फी: सरांनी दिला. रेटिंगच्या तक्त्यातला असावा बहुतेक.

जुना_ट्रेझरीवाला: मग सहा पॉइंटांसाठी जीव नको काढू. विकणारा अनिश्चिततेचा मोबदला वेगळा घेतो, म्हणून बाजारभाव सहसा इतिहासाच्या बराच वर असतो. सरांना हे आधी विचार.

हिशेबमास्तर: रिझर्व्ह बँकेनं 2011 ला सीडीएस आणले, पण सौदे दिसतात का कुठं? भाव पाहणार कशात?

मिहानवाली: म्हणूनच तर रिकव्हरी जपून धरायची.

हिशेबमास्तर: सगळे 40 च धरतात.

मिहानवाली: तारण काय, कर्ज कोणतं, न पाहताच?

बर्डीवाला: माह्या विम्याचं सांगा ना कोणी.