सईचं अर्जाचं पत्र आणि मेनी-मचचा घोळ

सई: आत्या, अर्जातलं हे वाक्य बघ ना. आय हॅव मेनी एक्सपिरियन्स इन अकाउंट्स. आय नीड फ्यू इन्फर्मेशन अबाउट द जॉब.

सुमनआत्या: मेनी, फ्यू यांच्याकडे नंतर बघू. आधी पुढचं नाम पकड आणि त्याच्या आधी 'टू', म्हणजे दोन, लावून बघ. टू जॉब्स म्हणता येतं, टू इन्फर्मेशन्स म्हणता येत नाही. जे मोजता येतं त्याला मेनी आणि फ्यू, जे येत नाही त्याला मच आणि लिटल.

वैभवदादा: पण पैसे तर आपण मोजतोच की! तरी हाऊ मच मनी का?

सुमनआत्या: मोजतोस ते रुपये. हाऊ मेनी रुपीज बरोबर, पण मनी हे नाम मोजता न येणारं. आणि शेवटच्या एसवर विसंबू नका. न्यूजला एस असूनही मच लागतं, पीपलला एस नसूनही मेनी.

सई: मग मच एक्सपिरियन्स लिहू?

सुमनआत्या: व्याकरणात बसेल, पण साध्या होकारार्थी वाक्यात मच जड वाटतं. ते प्रश्नात, नकारात किंवा टू मच, सो मच असं जास्त शोभतं. इथे अ लॉट ऑफ एक्सपिरियन्स लिही.

मीनाकाकू: अहो वन्सं, मेनी एक्सपिरियन्सेस असं तर मी वाचलंय.

सुमनआत्या: बरोबर वाचलंस. कामातून आलेला अनुभव मोजत नाहीत, पण आयुष्यातले एकेक प्रसंग मोजतात. म्हणून नुसतं नाम बघून भागत नाही, त्या वाक्यातला त्याचा अर्थ बघावा लागतो. शिकणाऱ्यांसाठीच्या बऱ्याच इंग्रजी शब्दकोशांत नामाच्या अर्थापुढे C किंवा U असतं. C म्हणजे मोजता येणारं, U म्हणजे न येणारं. एक्सपिरियन्सला दोन्ही सापडतील, वेगवेगळ्या अर्थांपुढे.

सई: ओके. आणि दुसरं वाक्य आय नीड लिटल इन्फर्मेशन. झालं ना?

सुमनआत्या: थांब गं, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. जोडी जुळली, पण अर्थ उलटा झाला! नुसतं लिटल म्हणजे जवळजवळ नाहीच, म्हणजे तुला माहितीची फारशी गरज नाही असं तू सांगतेयस. थोडीशी हवी असेल तर अ लिटल. फ्यूचंही तसंच. आय हॅव फ्यू क्वेश्चन्स म्हणजे फारसे प्रश्न नाहीत, आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स म्हणजे काही प्रश्न आहेत.

वैभवदादा: एवढ्याशा 'अ'ने इतका फरक!

सई: आता बघ. आय हॅव अ लॉट ऑफ एक्सपिरियन्स इन अकाउंट्स. कुड यू गिव्ह मी अ लिटल मोर इन्फर्मेशन अबाउट द जॉब?

सुमनआत्या: छान! मोर दोन्हीकडे चालतं, मोर क्वेश्चन्स आणि मोर इन्फर्मेशन. पण त्याच्या आधी काय येणार ते पुन्हा नामच ठरवतं: अ फ्यू मोर क्वेश्चन्स, अ लिटल मोर इन्फर्मेशन. तू बरोबर लावलंयस, पाठव.