सात जागा पुरतात कशा?

> "ट्रॉम्बोनच्या स्लाइडला जागा सातच, मग एवढे सूर येतात कुठून?"

ओठांतून. टेनर ट्रॉम्बोनची स्लाइड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी नळी, पूर्ण आत, पहिल्या जागेवर ठेवून खालचा बी-फ्लॅट वाजवा. हात न हलवता ओठ आवळत गेलात की सूर थेट एफवर जातो, मग वरच्या बी-फ्लॅटवर, मग डीवर. नळीतली हवा मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशाच कंपनांना साथ देते, मधल्यांना नाही.

त्या एफ आणि खालच्या बी-फ्लॅटच्या मध्ये सहा सूर राहतात. ते स्लाइडचे, दर जागेला अर्धा सूर खाली. सातव्या जागेवर बी लागतो, पुढच्या बी-फ्लॅटसाठी ओठ सैल सोडून स्लाइड झटकन पहिल्या जागेवर आणायची.

सातपटीचा ए-फ्लॅट मात्र पहिल्या जागेवर उतरलेला लागतो. स्लाइड आणखी आत जात नाही, म्हणून तो सहसा आठपटीच्या बी-फ्लॅटवरून दोन जागा उतरून तिसऱ्या जागेवर घेतात.